गोलपोस्टमधून – भाग ७ : हातात चेंडू, डोक्यात हिशेब

गेल्या आठवड्यात आपण कॉर्नरवरचा चेंडू हवेत पकडण्याबद्दल बोललो. आज त्यापुढचे दोन सेकंद.

2 जुलै 2018, रोस्तोव. विश्वचषकात बेल्जियम आणि जपान 2-2 बरोबरीत होते आणि भरपाईची वेळही संपत आली होती. जपानला कॉर्नर मिळाला. होंडाने मारलेला चेंडू बेल्जियमचा गोलकीपर थिबो कूर्त्वाने अलगद पकडला. गोलसाठी जपानचे बरेच खेळाडू पुढे आले होते, म्हणजे मागचं मैदान ओस पडलं होतं. कूर्त्वा दोन-चार पावलं पुढे धावला आणि त्याने चेंडू जमिनीलगत डी ब्रुइनच्या वाटेत सोडला. डी ब्रुइन, म्युनिये, लुकाकूने मुद्दाम सोडलेला चेंडू आणि शेवटी शाडली. दहाएक सेकंदांत गोल झाला.

इथे लांब किक का नाही? उंच किक हवेत तरंगते, आणि तेवढ्या वेळात बचावपटू मागे पोचतात. शिवाय पुढच्या गड्याला ती छातीवर किंवा डोक्यावर घ्यावी लागते. घरंगळत आलेला चेंडू मात्र धावत्या खेळाडूच्या पायात बसतो, वेग तुटत नाही. पण कूर्त्वाची खरी कमाल फेकीत नव्हती. चेंडू हवेत असतानाच डी ब्रुइन कुठे धावतोय हे त्याने हेरलेलं असणार, असं मला वाटतं. पकडून मग बघणाऱ्याला उशीर होतो.

याच थ्रोने त्याआधी पाचच आठवडे घात केला होता. किएव्हमधल्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये लिव्हरपूलच्या कारियसने चेंडू सहकाऱ्याकडे घरंगळवला, जवळच उभ्या बेन्झेमाने पाय घातला आणि गोल झाला. (आधीच्या धडकेत कारियसच्या मेंदूला मार बसला असावा, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तेव्हा त्याला फार बोल लावू नये.) घेणारा मोकळा असून भागत नाही, मधली वाटही मोकळी हवी.

सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू 1992 पासून हातात घेता येत नाही. मग तो पायात ठेवून समोरून धावत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची वाट बघायची. तो तिरका येतो आणि एका सेंटर-बॅककडची वाट अडवतो, म्हणून बहुधा दुसरी उघडते. शॉर्ट पास तिकडे, आणि तोही प्रतिस्पर्ध्यापासून लांबच्या पायावर. आपल्याच गोलकडे तोंड करून उभ्या, पाठीवर माणूस असलेल्या मिडफिल्डरला दिलेला पास म्हणजे आयतं संकट.

दोन्ही बाजू अडवल्या असतील, तर अडवायला आलेली माणसं मोजा. ती जितकी जास्त, तितकी मागे कमी. ऑगस्ट 2018 मध्ये हडर्सफील्डविरुद्ध एडरसनने थेट अग्वेरोकडे लांब किक मारली आणि सिटीला गोल मिळाला. मात्र पुढे एकटा गडी आणि त्याच्याभोवती तिघे असतील, तर तीच किक म्हणजे चेंडू परत देणं.

पुढच्या सामन्यात चेंडू सोडून फक्त गोलकीपरची मान बघा. चेंडू येण्याआधी ती किती वेळा वळते, ते मोजा आणि कळवा.