आधी पैसे, मग ताट

जून-जुलैत पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या खानावळींचे गल्ले भरतात. स्पर्धा परीक्षांची आणि कॉलेजची मुलं शहरात येतात, महिन्याचे पैसे आगाऊ देतात आणि कार्ड किंवा कूपनांचं पुस्तक घेऊन जातात. मालकाच्या हातात एकदम मोठी रोख येते. त्या आठवड्यात नवा फ्रीज घ्यावासा वाटतो, शेजारचा गाळा भाड्याने घ्यावासा वाटतो. पण त्या पैशांतला एकही रुपया अजून त्याने कमावलेला नसतो. ती उधारीच असते, फक्त नेहमीच्या उलट दिशेची: इथे गिऱ्हाईक धनको आणि मालक ऋणको, आणि कर्ज फेडायचं ते ताटांनी.

दिवाळीत थाळीची हॉटेलं विकतात ती भेटकूपनं, कंपन्या कर्मचाऱ्यांना वाटतात ती जेवणाची व्हाउचर्स आणि खानावळीचं मासिक पॅकेज या सगळ्यांच्या मुळाशी हेच नातं आहे. हिशेबातल्या आणि मुदतीवरून होणाऱ्या बहुतेक भांडणांचा उगमही तिथेच सापडतो.

आकडे घालून पाहू. समजा एका खानावळीत 60 ताटांचं पॅकेज आहे, ताट 70 रुपयांचं. म्हणजे 4,200 रुपये, वर 5 टक्के जीएसटीचे 210, एकूण 4,410. एक जूनला पन्नास मेंबर आले, तर गल्ल्यात 2,20,500 रुपये जमा. यातले 10,500 सरकारचे. उरलेले 2,10,000 विक्रीच्या खात्यात टाकायचे नाहीत, ‘ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम’ या देण्याच्या खात्यात टाकायचे. ताट वाढलं, कूपन फाडलं, की सत्तर रुपये देण्यातून उचलून विक्रीत न्यायचे. महिनाअखेर 3,000 पैकी 2,100 ताटं वाढली गेली असतील तर जूनची विक्री 1,47,000. राहिलेली 900 ताटं, म्हणजे 63,000 रुपये, ताळेबंदात देणं म्हणून उभी राहतात.

हे केलं नाही तर काय होतं? जूनचा नफा फुगलेला दिसतो. जुलैत ती 900 ताटं वाढायची असतात, पण त्यांचे पैसे येणार नसतात. एका ताटाला डाळ, तेल, गॅस, आचारी धरून 55 रुपये खर्च येत असेल, तर जवळजवळ पन्नास हजार रुपये खिशातून घालावे लागतात. फ्रीज आधीच घेतलेला असेल तर ते येणार कुठून? म्हणून मुरलेले मालक आगाऊ रकमेचा काही भाग वेगळ्या खात्यात ठेवतात आणि आठवड्याच्या आठवड्याला, वाढलेल्या ताटांच्या हिशेबाने, चालू खात्यात आणतात.

कराचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. सेवेचे पैसे आगाऊ घेतले तर जीएसटीची जबाबदारी पैसे मिळतात तेव्हाच येते. वस्तूंच्या आगाऊ रकमेला जी सवलत आहे, ती सेवेला नाही. हॉटेलातलं जेवण कायद्याने सेवा ठरतं, तेव्हा ठरलेल्या मेंबरने ठरलेल्या ताटांसाठी दिलेल्या पैशांवरचा कर त्याच महिन्याच्या विवरणात दाखवणं सुरक्षित. मेंबर मध्येच गाव सोडून गेला आणि पैसे परत केले, तर त्या परताव्याची रीतसर नोंद ठेवून तेवढा कर पुढे वळता करता येतो. नोंदच नसेल तर तो कर मालकाच्या माथी. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या खानावळीला नोंदणीच लागत नाही, आणि कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही. दोघांनीही बिलावर 5 टक्के लावले, तर ते चूक आहे.

हजार रुपयांचं भेटकूपन मात्र वेगळं. त्यातून कोण काय खाणार, हे विकताना ठाऊक नसतं. कूपन ही वस्तू की सेवा की नुसता पैसा, यावर देशात बरीच वर्षं वाद चालला, आणि त्यातला एक महत्त्वाचा खटला महाराष्ट्रातलाच. आयटी कंपन्यांतले लोक सोडेक्सोच्या कागदी कूपनांनी किराणा भरायचे, हे पुण्या-मुंबईत अनेकांना आठवत असेल. त्या कूपनांवर स्थानिक संस्था कर लागतो का, हा प्रश्न ‘सोडेक्सो विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने कूपनांना ‘माल’ मानलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये ते फिरवलं: कूपन हा माल नव्हे, ते माल आणि सेवा मिळवण्याचं साधन आहे.

जीएसटी आल्यावर तोच वाद नव्याने उभा राहिला. अखेर 31 डिसेंबर 2024 च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलं, की व्हाउचरची देवघेव ही वस्तूचीही विक्री नाही आणि सेवेचीही नाही; कर लागेल तो त्या व्हाउचरवर घेतलेल्या वस्तूवर किंवा सेवेवर. न वापरता मुदत संपलेल्या व्हाउचरच्या रकमेवर जीएसटी नाही, हेही त्यात आलं. व्हाउचरवर कर केव्हा लागतो हे सांगणारी जुनी कलमं 2025 च्या वित्त कायद्याने वगळली. थोडक्यात, थाळीवाल्याने दिवाळीत हजाराचं कूपन विकलं तेव्हा कर नाही. भाऊबीजेला कुटुंब जेवून गेलं तेव्हा पूर्ण बिलावर कर.

‘पूर्ण बिलावर’ हे शब्द काउंटरवर नेमके विसरले जातात. बिल झालं 1,200 चं, गिऱ्हाइकाने हजाराचं कूपन आणि दोनशे रोख दिले. काउंटरवरचा मुलगा संगणकात हजार रुपये ‘सूट’ म्हणून टाकतो, कारण ते बटण सापडायला सोपं असतं. मग विक्री दिसते दोनशेची आणि करही दोनशेवरच भरला जातो. कूपन म्हणजे सूट नव्हे. ते रोख किंवा यूपीआयसारखं पैसे देण्याचं साधन आहे, आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची नोंद तिथेच हवी. उलटी चूकही होते: दिवाळीत कूपन विकताना एकदा विक्री धरायची आणि जेवण झाल्यावर पुन्हा एकदा. तेव्हा मालक न झालेल्या विक्रीवर कर भरत बसतो.

आता मुदत. आपल्या इथे एकाच हॉटेलात चालणाऱ्या कूपनाला किमान किती मुदत द्यावी, असा सरसकट नियम नाही. रिझर्व्ह बँकेचा किमान एक वर्षाचा नियम तिच्या परवानगीने निघणाऱ्या प्रीपेड साधनांना लागू होतो. आपल्याच दुकानापुरतं कूपन काढणारा त्यात येत नाही. आयर्लंडने 2019 मध्ये कायदा करून भेटकूपनांना किमान पाच वर्षांची मुदत दिली, ऑस्ट्रेलियात त्याच वर्षीपासून तीन वर्षं आहे. आपल्याकडे तीन महिन्यांचं दिवाळी कूपनही बेकायदा नाही. मात्र मुदत कूपनावर ठळक छापलेली नसेल, किंवा करार उघडच एकतर्फी असेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं ‘अन्याय्य करारा’चं कलम गिऱ्हाइकाच्या कामी येऊ शकतं.

खानावळींनी यावर स्वतःचा तोडगा फार पूर्वीच काढला आहे. तो म्हणजे खाडा. गावी जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, सलग काही दिवसांची गैरहजेरी असेल तरच खाडा धरायचा, आणि तेवढी ताटं पुढे ढकलायची. याला पुढची मर्यादा मात्र हवी. साठ ताटं पंचेचाळीस दिवसांत संपवावीत, असा नियम असेल तर वरच्या उदाहरणातल्या 900 पैकी समजा 840 ताटं जुलैच्या मध्यापर्यंत उठली आणि 60 राहिली. त्यांचे 4,200 रुपये मुदत संपल्यावरच देण्यातून काढून ‘मुदतबाह्य कूपनांचं उत्पन्न’ म्हणून दाखवायचे, त्याआधी नाही. मोठ्या कंपन्यांना मागच्या अनुभवावरून ही रक्कम आधीच अंदाजाने धरता येते. स्टारबक्सच्या ताळेबंदात तर कार्डांवर पडून असलेली रक्कम दीड अब्ज डॉलरच्या वर असते. पन्नास मेंबरांच्या खानावळीने त्या फंदात पडू नये.

मुदतीची खरी परीक्षा 2020 च्या मार्चमध्ये झाली. हॉटेलं बंद झाली, आणि महाराष्ट्रात बसून जेवायची परवानगी पुन्हा मिळाली ती त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. जेवणच मिळत नव्हतं त्या काळात ज्यांच्या कूपनांची मुदत संपली, त्यांना ‘मुदत संपली’ असं सांगणं हा हिशेब झाला नसता, दरोडा झाला असता. ‘दुकान बंद असेल तेवढे दिवस मुदत वाढेल’ ही एक ओळ कूपनाच्या मागे छापायला काही खर्च येत नाही.

गैरवापर म्हटलं की लोकांना रंगीत झेरॉक्स आठवते. ती होतेच, पण अनुक्रमांकाची वही असेल तर पकडायला सोपी असते. दिलेला क्रमांक वहीत आहे का, तो आधी येऊन गेला आहे का, एवढं पाहिलं की झालं. वापरलेलं कूपन तिथल्या तिथे फाडायचं किंवा त्याला भोक पाडायचं. क्यूआर कोडचं चित्र चार मित्रांना पाठवलं जातं, म्हणून कोड वाचताक्षणी रद्द व्हायला हवा.

काउंटरमागची चोरी जास्त वाईट, कारण ती हिशेबात चपखल बसते. गिऱ्हाइकाने 1,000 रुपये रोख दिले. कॅशियरने ते खिशात घातले आणि गल्ल्यात हजाराचं कूपन टाकलं, कधी टेबलावर विसरलेलं, कधी वापरूनही न फाडलेलं, कधी सवलतीत स्वतःच विकत घेतलेलं. बिलाची बेरीज जुळते, गल्ला जुळतो, आणि रात्री कुणालाही संशय येत नाही. शोधायचं ते बिलांच्या वेळांमध्ये. कूपनांनी भागवलेली बिलं एकाच माणसाच्या पाळीत, पाळी संपता संपता घोळक्याने येतात का? बिल छापल्यावर पैशांचा प्रकार ‘रोख’वरून ‘कूपन’ असा बदलला गेला आहे का? बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअर हा बदल नोंदवून ठेवतात, फक्त तो अहवाल कुणी उघडत नाही. कूपनं विकणारा आणि वापरलेली कूपनं मोजणारा हे दोघे वेगळे ठेवले की ही चोरी बरीच अवघड होते.

तिसऱ्या प्रकारात हॉटेलाचा काही संबंधच नसतो. नावाजलेल्या थाळीच्या फोटोखाली ‘एकावर एक मोफत’ अशी फेसबुकवर जाहिरात येते, नंबरवर फोन केला की ‘बुकिंगसाठी दहा रुपये’ म्हणून लिंक येते किंवा एखादं अॅप उतरवायला सांगतात, आणि खातं रिकामं होतं. मुंबई-दिल्लीत अशा तक्रारी पोलिसांत नोंदल्या गेल्या आहेत. जेवणाचं कूपन घ्यायला कार्डाचा ओटीपी किंवा अनोळखी अॅप कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवायचं. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी थोपवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

आणि खानावळच बंद पडली तर? हातात कूपन असलेला मेंबर कायद्याने मालकाचा विनातारण धनको ठरतो, किराणावाला आणि दूधवाला असतात त्याच रांगेत. म्हणून तीन महिन्यांच्या पॅकेजवर दहा टक्के सूट मिळत असली, तरी अनोळखी खानावळीत पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरावेत. पावती घ्यावी. तिच्यावर ताटांची संख्या, दर, मुदत आणि खाड्याचा नियम लिहून घ्यावा. तक्रार करायची वेळ आली तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.