दोन तारांवर चालणारा रोबोट

मोठ्या रोबोटमध्ये मोटर कंट्रोलर आणि सेन्सर मुख्य संगणकाला जोडण्यासाठी ‘कॅन बस’ वापरतात. बॉश कंपनीने ही पद्धत मोटारगाड्यांसाठी विकसित केली आणि 1986 मध्ये जाहीर केली. प्रत्येक उपकरणाकडून संगणकापर्यंत वेगळी वायर नेण्याऐवजी सर्व उपकरणे एकाच तारांच्या जोडीवर बसतात. अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशन’ या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतील रोबोटमध्ये ही जोडणी नेहमी दिसते.

अशा एका रोबोटची चारही चाके स्वतंत्रपणे वळतात असे समजू. प्रत्येक चाकाला फिरवणारी एक मोटर, वळवणारी एक मोटर आणि चाकाचा कोन सांगणारा एक सेन्सर लागतो. ही झाली बारा उपकरणे. रोबोटचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे सांगणारा जायरो तेरावा.

जोडीतील एका तारेला ‘हाय’ आणि दुसरीला ‘लो’ म्हणतात. या स्पर्धेत हायसाठी पिवळी आणि लोसाठी हिरवी वायर वापरतात. बस शांत असताना दोन्ही तारांवर सुमारे 2.5 व्होल्ट असतात. शून्य पाठवताना हाय 3.5 व्होल्टपर्यंत चढते आणि लो 1.5 व्होल्टपर्यंत उतरते. उपकरणे फक्त या दोहोंमधला फरक वाचतात. मोटरमुळे होणारा विद्युत गोंधळ पीळ घातलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो, त्यामुळे फरक फारसा बदलत नाही.

तारांची रचना एका सरळ रांगेसारखी असावी लागते. संगणकापासून निघालेली जोडी पहिल्या उपकरणात जाते, तिथून दुसऱ्यात, आणि अशी शेवटपर्यंत. मधूनच लांब फाटे काढले, तर त्यांच्या टोकांवरून संकेत परत उसळतात. सेकंदाला दहा लाख बिट या वेगाला फाटा साधारण 30 सेंटिमीटरच्या आत ठेवावा.

रांगेच्या दोन्ही टोकांना हाय आणि लो यांच्यामध्ये 120 ओहमचा एकेक रेझिस्टर बसवतात. यालाच टर्मिनेशन म्हणतात. त्याची कामे दोन. टोकाशी पोहोचलेला संकेत तो शोषून घेतो आणि परत उसळू देत नाही. शिवाय उपकरणे तारांवर फरक निर्माण करतात, पण तो पुन्हा शून्यावर आणण्याचे काम रेझिस्टरच करतो. तो नसेल, तर तारा सावकाश शांत होतात आणि पुढचा बिट चुकीचा वाचला जातो. या स्पर्धेतील ‘रोबोरिओ’ संगणकात एक रेझिस्टर आधीच असतो, म्हणून तो एका टोकाला ठेवतात. दुसरा वीजवाटप पेटीत असतो आणि ती पेटी दुसऱ्या टोकाला येते.

तपासणीसाठी बॅटरी काढून हाय-लोमध्ये मल्टिमीटर लावावा. दोन रेझिस्टर समांतर असल्याने सुमारे 60 ओहम दिसायला हवेत. 120 दिसले, तर एक रेझिस्टर नाही किंवा मध्ये वायर तुटली आहे. 40 म्हणजे कुठेतरी तिसरा रेझिस्टर जोडला गेला आहे. शून्याजवळचा आकडा आला, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. वायर तुटली असेल, तर संगणकाला तुटीच्या पलीकडची सगळी उपकरणे एकदम दिसेनाशी होतात. न दिसणाऱ्या पहिल्या उपकरणाच्या आधीचा सांधा प्रथम पाहावा.

तारा सामायिक असल्याने प्रत्येक संदेशासोबत ओळख क्रमांक जातो. या स्पर्धेत तो 29 बिटांचा असतो. त्यात उपकरणाचा प्रकार, निर्माता, संदेशाचे काम आणि शेवटी उपकरणाचा क्रमांक येतो. उपकरणाचा क्रमांक 0 ते 62 मधला असतो. दोन उपकरणांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली, तर लहान ओळख क्रमांकाचा संदेश पुढे जातो आणि दुसरे उपकरण थांबून पुन्हा प्रयत्न करते.

ही व्यवस्था ओळख क्रमांक वेगवेगळे असतील तरच चालते. एकाच निर्मात्याच्या, एकाच प्रकारच्या दोन कंट्रोलरना तोच क्रमांक राहिला, तर एकाला दिलेली आज्ञा दोघेही पाळतात. त्यांची उत्तरेही एकमेकांवर आदळतात. नव्या कंट्रोलरना कारखान्यातून बहुधा एकच क्रमांक मिळालेला असतो, म्हणून ते बसवर एकेक जोडून क्रमांक द्यावा.

तेरा उपकरणांसाठी सोपी पद्धत अशी: दशकाचा अंक चाकाचा आणि एककाचा कामाचा. पहिल्या चाकाची फिरवणारी मोटर 11, वळवणारी 12, कोनाचा सेन्सर 13. चौथ्या चाकाची उपकरणे 41, 42 आणि 43, तर जायरो 50. क्रमांक उपकरणाच्या स्मृतीत राहतो. त्याची चिठ्ठी उपकरणावरही चिकटवावी. कंट्रोलर जळाला, तर नव्याला जुनाच क्रमांक द्यावा. मग प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.