लाइन शंभरची, फाइल अडीचने

घरात १०० एमबीपीएसची फायबर लाइन आहे. स्पीड टेस्ट लावली की आकडा नव्वदच्या पुढे जातो. त्याच लाइनवर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एखाद्या सर्व्हरवरून ४ जीबीची फाइल उतरवायला घेतली, तर वेग अडीच एमबीपीएसच्या आसपास अडकून बसतो आणि ब्राउझर तीन तासांहून जास्त वेळ दाखवतो. पहिला संशय इंटरनेट कंपनीवर जातो, दुसरा वायफायवर. पण दोन्ही ठिकाणी सगळं ठीक असूनही असं होऊ शकतं. त्याचं कारण एका साध्या भागाकारात आहे.

इंटरनेटवरून फाइल येते ती तुकड्यातुकड्यांनी. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. एका पॅकेटमध्ये साधारण १,४६० बाइट माहिती मावते. वाटेत पॅकेट हरवू शकतं, म्हणून टीसीपी नावाची पद्धत पोचपावतीवर चालते: पॅकेट मिळालं की आपला संगणक सर्व्हरला तसं कळवतो. प्रत्येक पॅकेटमागे थांबून पावतीची वाट पाहिली तर काम कधीच उरकणार नाही. त्यामुळे सर्व्हरला काही माहिती उधारीवर पाठवायची मुभा असते. पावती न येता जास्तीत जास्त किती बाइट वाटेवर असू द्यायचे, या मर्यादेला विंडो म्हणतात. विंडो भरली की सर्व्हर थांबतो आणि पावती आली की तेवढंच पुढचं सोडतो.

याचा अर्थ, माहिती जाऊन तिची पावती परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात एका विंडोपेक्षा जास्त माल येऊच शकत नाही. म्हणून एका जोडणीचा कमाल वेग म्हणजे विंडो भागिले फेरीचा वेळ. या भागाकारात लाइन किती एमबीपीएसची आहे हे कुठेच येत नाही.

उसाच्या फडातून कारखान्याकडे माल नेणाऱ्या ट्रॉल्या डोळ्यांसमोर आणा. ट्रॉल्या चारच असतील आणि कारखाना चाळीस किलोमीटरवर असेल, तर रस्ता सहापदरी केला तरी दिवसाचा ऊस वाढत नाही. रिकामी ट्रॉली परत आल्याशिवाय पुढचा ऊस भरता येत नाही. वाढ हवी तर ट्रॉल्या वाढवाव्या लागतील, किंवा कारखाना जवळ हवा.

आता आकडे घालून पाहू. मुंबईहून न्यूयॉर्कच्या बाजूला जाऊन परत यायला पॅकेटला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. विंडो ६५,५३५ बाइटची, म्हणजे ६४ केबीची धरू. सेकंदाला पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीत ६४ केबी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३२८ किलोबाइट. लाइनचा वेग बिटमध्ये मोजतात, म्हणून त्याला ८ ने गुणलं की २.६ एमबीपीएस येतात. या वेगाने ४ जीबीला जवळजवळ ३ तास २३ मिनिटं लागतात. लाइन पूर्ण भरून वाहिली असती तर तीच फाइल साडेपाच मिनिटांच्या आत आली असती.

स्पीड टेस्टचंही कोडं इथेच सुटतं. तिचा सर्व्हर बहुधा आपल्याच शहरात किंवा शेजारच्या शहरात असतो. फेरी ५ मिलिसेकंदांची असेल, तर त्याच ६४ केबीच्या विंडोतून १०५ एमबीपीएस निघतात. शिवाय अनेक स्पीड टेस्ट एका वेळी कित्येक जोडण्या उघडून मोजतात. त्यामुळे ती लाइनची ताकद बरोबर सांगते, पण लांबून एका जोडणीवर येणाऱ्या फाइलबद्दल काहीच सांगत नाही.

फेरीचा वेळ कमी करणं आपल्या हातात फारसं नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे, म्हणजे अगदी आदर्श तार टाकली तरी जाण्यायेण्याला १२५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असा वळसा घेऊन अटलांटिकला पोचते. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा बरीच वाहतूक आणखी लांबच्या वाटेने वळवावी लागली. अशा वळशाने फेरी २०० वरून ३०० मिलिसेकंदांवर गेली, तर विंडोने बांधलेल्या जोडणीचा वेग एक तृतीयांशाने घटतो. दुसऱ्या वाटेवर जागा मुबलक असली तरीही घटतो.

मग विंडो ६४ केबीचीच का? टीसीपीचा आराखडा १९८१ साली पक्का झाला, तेव्हा विंडोचा आकडा लिहायला १६ बिटांची जागा ठेवली होती. सोळा बिटांत ६५,५३५ पेक्षा मोठा आकडा बसत नाही. त्या काळच्या तारांना तो भरपूर होता. १९९२ साली व्हॅन जेकबसन, रॉबर्ट ब्रेडन आणि डेव्हिड बोरमन यांनी यावर सुरेख तोड काढली. आकड्याची जागा तेवढीच ठेवायची, पण जोडणी सुरू होताना दोन्ही बाजूंनी एक गुणक ठरवून घ्यायचा. त्यामुळे विंडो जवळजवळ १ जीबीपर्यंत वाढू शकते. आजचे विंडोज आणि लिनक्स हा गुणक वापरतात आणि गरजेप्रमाणे विंडो आपोआप वाढवतात. आपल्या उदाहरणात लाइन भरायला १०० एमबीपीएस गुणिले ०.२ सेकंद, म्हणजे २५ लाख बाइट वाटेवर असायला हवेत. एवढी विंडो आज सहज मिळू शकते.

तरीही जुना आकडा भेटत राहतो. एखाद्या प्रोग्रॅमने आपला बफर ठरावीक आकाराचा मागितलेला असतो आणि त्यामुळे आपोआप वाढण्याची सोय बंद पडते. वाटेतली एखादी जुनी फायरवॉल सुरुवातीचा गुणक पुसून टाकते. कधी आपल्याकडची विंडो मोठी असते, पण सर्व्हरचा पाठवण्याचा बफर तोकडा असतो. पावती येईपर्यंत पाठवलेल्या मालाची प्रत सर्व्हरला जपून ठेवावी लागते, त्यामुळे जेवढा बफर तेवढीच त्याची धाव.

विंडो मोठी असूनही वेग पडण्याचं दुसरं कारण आहे हरवलेलं पॅकेट, आणि मला तेच जास्त लक्ष देण्यासारखं वाटतं. वाट किती मोकळी आहे हे सर्व्हरला आधी माहीत नसतं. म्हणून तो स्वतःची वेगळी मर्यादा पाळतो. सुरुवात साधारण दहा पॅकेटांनी करतो, दर फेरीला ती दुप्पट करत नेतो, आणि पॅकेट हरवलं की पुढे गर्दी आहे असं समजून मागे सरतो. १९८८ साली जेकबसननेच मांडलेल्या जुन्या रीतीत ही मर्यादा एकदम निम्मी होते आणि मग दर फेरीला फक्त एका पॅकेटने वाढते.

आपली लाइन भरायला सुमारे १,७०० पॅकेट वाटेवर हवीत. एक हरवलं की मर्यादा ८५० वर येते. पुन्हा १,७०० पर्यंत चढायला ८५० फेऱ्या लागतात, आणि २०० मिलिसेकंदांच्या हिशेबाने त्या १७० सेकंदांच्या होतात. एका हरवलेल्या पॅकेटची भरपाई करायला जवळजवळ तीन मिनिटं! शेजारच्या शहरातून येणाऱ्या फाइलचं पॅकेट हरवलं तर हे भरून निघणं डोळ्याला दिसतही नाही. आता लिनक्सवर क्युबिक नावाची रीत असते. ती कमी मागे सरते आणि लांबच्या अंतरावर लवकर सावरते. तरी अंतराचा तोटा पुरता जात नाही.

आता एकाऐवजी आठ जोडण्या उघडल्या तर? फाइलचे आठ भाग करायचे आणि प्रत्येक जोडणीने आपला भाग आणायचा. प्रत्येक जोडणीची विंडो वेगळी असते, त्यामुळे ६४ केबीच्या जागी एकूण ५१२ केबी वाटेवर राहतात. वेग २१ एमबीपीएसवर जातो आणि फाइल सव्वातीन तासांऐवजी पंचवीस मिनिटांत येते. अंतर कमी झालेलं नाही, प्रकाशही वेगाने धावत नाही. तेवढ्याच वेळात आठपट माल वाटेवर आहे, एवढंच.

पॅकेट हरवण्याचा फटकाही वाटला जातो. १,७०० पॅकेट आठ जोडण्यांत वाटली तर प्रत्येकीकडे दोनशेच्या वर येतात. एकीचं पॅकेट हरवलं तर ती निम्म्यावर येते, बाकीच्या सात तशाच वाहत राहतात. एकूण वेग निम्मा न होता फक्त सोळाव्या भागाने कमी होतो. शिवाय त्या एकीला सावरायला शंभरेक फेऱ्या, म्हणजे वीस-एकवीस सेकंद पुरतात. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या कणांच्या टकरींची माहिती जगभरच्या केंद्रांना पाठवताना ग्रिडएफटीपी ही पद्धत वर्षानुवर्षं वापरली गेली. एका फाइलसाठी अनेक समांतर जोडण्या उघडण्याची सोय तिच्यात मुद्दाम ठेवलेली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशा माहितीचं एक केंद्र आहे.

आपल्या बाबतीत नेमकं काय अडतंय हे घरी तपासता येतं. आधी ज्या सर्व्हरवरून फाइल घेताय तिथली फेरी मोजा, मग त्याच फाइलसाठी आठ जोडण्या लावून पाहा. EXAMPLE_HOST आणि FILE_URL यांच्या जागी आपला सर्व्हर आणि पत्ता घाला.

```
ping EXAMPLE_HOST
aria2c -x 8 -s 8 FILE_URL
```

एका जोडणीवरचा वेग बाइटमध्ये घेऊन त्याला फेरीच्या सेकंदांनी गुणा. उत्तर ६४ केबी किंवा २५६ केबी अशा गोल आकड्याजवळ येत असेल, आणि सकाळ असो वा रात्र, वेगाची रेघ सपाट राहत असेल, तर विंडोच आडवी येते आहे असं समजायला हरकत नाही. वेग चढून अचानक कोसळत असेल आणि पुन्हा हळूहळू चढत असेल, तर पॅकेट हरवत आहेत. या दोन्ही स्थितींत आठ जोडण्यांनी फरक पडतो.

आठ लावूनही एकूण वेग तेवढाच राहिला आणि प्रत्येकीच्या वाट्याला आठवा भाग आला, तर लाइन, वायफाय किंवा सर्व्हर आधीच भरलेला आहे. तिथे जोडण्या वाढवून उपयोग नाही. फाइलचा मधलाच तुकडा द्यायची सोय सर्व्हरकडे नसेल, तर फाइलचे भागच करता येत नाहीत. काही सर्व्हर एका पत्त्यावरून ठरावीक जोडण्याच घेतात आणि त्यापुढे नकार देतात. एकाच जोडणीला मुद्दाम वेगाचा लगाम घालणारेही सर्व्हर असतात. तिथे आठ जोडण्यांनी वेग वाढेलही, पण तो लगाम सर्वांना वाटा मिळावा म्हणून घातलेला असू शकतो.

वाट्याचा हा प्रश्न आपल्या घरातही येतो. भरलेल्या तारेवर जागा साधारण जोडणीच्या हिशेबाने वाटली जाते. आपण आठ जोडण्यांनी फाइल ओढत असू आणि घरातलं दुसरं कोणी एका जोडणीने काही उतरवत असेल, तर त्याच्या हाती नववा भाग उरतो. रांग वाढली की व्हिडिओ कॉलही अडखळू लागतो. म्हणून लाइन भरेपर्यंतच जोडण्या वाढवाव्यात. चारांनी भरत असेल तर चारच ठेवाव्यात. आणि त्याच फाइलची प्रत मुंबईत किंवा सिंगापूरमध्ये ठेवणारा मिरर सर्व्हर मिळत असेल, तर आधी तो निवडावा. सिंगापूरची फेरी साधारण ६० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे तीच ६४ केबीची एकुलती जोडणी तिथून तिप्पट वेगाने चालते.