पायचीत: पंचांचं बोट आणि अर्धा चेंडू

खापरखेड्याजवळच्या वलनी कोळसा खाण वसाहतीतला उमेश यादव टेनिस बॉलवर वाढला. गल्लीत पायचीत बहुधा नसतंच, कारण पंच बॅटिंग करणाऱ्या टीमचाच असतो! 2 मार्च 2023 रोजी इंदूर कसोटीत मात्र त्यानं कॅमेरून ग्रीनला पायचीत पकडलं.

अशा अपिलावर पंच डोक्यात क्रमानं पडताळतात. नो-बॉल आहे का? टप्पा लेग स्टम्पच्या बाहेर पडला का? पडला असेल तर विषय संपला. बॅट आधी लागली का? मग चेंडू पॅडला यष्टींच्या रेषेत लागला का? ऑफच्या बाहेर लागला तर फटका खेळायचा प्रयत्न करणारा वाचतो, नुसता पाय पुढे करणारा नाही. शेवटी, पाय आडवा आला नसता तर चेंडू यष्टींवर गेला असता का?

भांडण या शेवटच्या प्रश्नाचं. आधीचं सगळं घडलेलं असतं, हा मात्र अंदाज. डीआरएसमध्येही अर्ध्याहून कमी चेंडू यष्टींना घासताना दिसला तर मैदानावरच्या पंचांचा निर्णय कायम राहतो. म्हणजे तंतोतंत तोच चेंडू एका पंचाकडे बाद, दुसऱ्याकडे नाबाद. गोलंदाज चिडतो, ‘लागतोय ना यष्टीला?’ तक्रार रास्त वाटते; पण पॅडपासून यष्टींपर्यंतचा मार्ग कॅमेऱ्यानं पाहिलेला नसतो, संगणकानं पुढे काढलेला असतो. पॅड यष्टींपासून जितकं दूर, तितकी चूक वाढण्याची शक्यता जास्त.