हप्ता तोच, कर्ज वाढतं

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. म्हणजे व्याजात दोन टक्के वाढ ही काही कल्पनेतली भीती नव्हे.

समजा, पुण्यातल्या एका जोडप्याने 40 लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी घेतलं. हप्ता सुमारे 34,700 रुपये. हातात येणारा पगार 90,000, म्हणजे घरखर्चाला 55,300 उरतात. आता दर साडेदहा झाला आणि पगार दहा टक्क्यांनी घटून 81,000 वर आला. हप्ता 39,900 होतो, उरतात 41,100. पगार दहा टक्के घटला, पण किराणा, शाळेची फी, औषधपाणी यांचा पैसा चौथ्या हिश्श्याने आटला.

‘हप्ता तोच ठेवून मुदत वाढवू’, असं अनेकांना वाटतं. इथेच खरी मेख आहे. 40 लाखांवर साडेदहा टक्क्यांनी महिन्याचं व्याजच 35,000 होतं. जुना हप्ता तेवढंही फेडत नाही. मुद्दल उलट वाढत जातं! असं होऊ देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बँकांना बजावलं. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारायलाही सांगितलं.

या जोडप्याचा घरखर्च 45,000 असेल, तर दरमहा 3,900 कमी पडतील. वर्षभराची तूट 46,800, तीही दवाखाना सोडून.