४.२ च्या आड गेलेला आठवडा

गुगल मॅप्सवर रेस्टॉरंटच्या नावाखाली जो आकडा दिसतो, त्यात नवेजुने सगळे रेटिंग मिसळलेले असते आणि तो एकाच दशांश स्थळापर्यंत दाखवला जातो. ग्राहकाला तेवढे पुरते. मालकाला मात्र गेल्या आठवड्यात काय झाले हे त्यातून कळत नाही. समजा, पुण्यातल्या एका थाळी रेस्टॉरंटला १२४० रेटिंग मिळाली असून सरासरी ४.२ आहे. एका आठवड्यात १८ नवी रेटिंग आली आणि त्यांची सरासरी पडली जेमतेम ३.०. एकूण सरासरी ४.१८ होते, पडद्यावर पुन्हा ४.२ च दिसते. आठवडा वाईट गेला, आकडा जागचा हलला नाही.

दर सोमवारी एकूण सरासरी आणि रेटिंगची संख्या वहीत लिहून दोन नोंदींच्या फरकातून आठवड्याचे गणित काढावे, असे वाटू शकते. तो हिशेब जुळत नाही. पडद्यावरचे ४.२ म्हणजे प्रत्यक्षात ४.१५ ते ४.२५ मधले काहीही असू शकते. १२४० रेटिंगच्या बेरजेत हा फरक १२४ ताऱ्यांचा होतो, आणि त्या आठवड्याचे सगळे तारे मिळून भरतात फक्त ५४. म्हणून रिव्ह्यू एकेक करून उतरवून घ्यावे लागतात.

सार्वजनिक पानावरून ते उतरवणे गैरसोयीचे असते, कारण तिथे नेमक्या तारखेऐवजी ‘आठवड्यापूर्वी’ असा मोघम उल्लेख असतो. प्रोग्रॅम लावून पान खरवडणे गुगलच्या अटींत बसत नाही. गुगलची Places API ही सेवा एका ठिकाणाचे जास्तीत जास्त पाचच रिव्ह्यू देते. सरळ मार्ग मालकाच्याच हातात असतो. बिझनेस प्रोफाइल आपल्या नावावर पडताळून घेतले आणि Business Profile API वापरण्याची परवानगी मिळवली, की सगळे रिव्ह्यू तारखेसकट मिळतात. प्रत्येकाला स्वतंत्र reviewId असतो, शिवाय लिहिल्याची वेळ createTime मध्ये आणि बदलल्याची वेळ updateTime मध्ये येते.

या वेळांशी जरा जपून वागावे लागते. त्या जागतिक प्रमाणवेळेत येतात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. रविवारी रात्री जेवून गेलेल्या ग्राहकाने सोमवारी पहाटे दोनला रिव्ह्यू लिहिला, तर नोंदीत रविवारचे साडेआठ दिसतात आणि रिव्ह्यू आदल्या आठवड्यात जाऊन पडतो. वेळ आधी भारतीय करून घ्यावी, मगच आठवडे पाडावेत.

दुसरी अडचण बदललेल्या रिव्ह्यूंची. मालकाच्या उत्तराने समाधान झालेला ग्राहक दोन ताऱ्यांचे चार करतो. जुनी नोंद पुसून नवी लिहिली, तर मागचे आठवडे मागाहून सुधारल्यासारखे दिसू लागतात. त्यासाठी दर आठवड्याची यादी जशीच्या तशी जपून ठेवायची आणि नव्या यादीशी ताडून पाहायची. जुन्या यादीत असलेला रिव्ह्यू नव्या यादीत नसेल, तर तो ग्राहकाने काढला किंवा गुगलने. त्याची गणती वेगळी दाखवावी; नाहीतर रिव्ह्यू गळाल्यामुळे वर गेलेली सरासरी स्वयंपाकघराच्या खात्यावर जमा होते.

तुलना मागच्या एकाच आठवड्याशी करणे धोक्याचे. वीसेक जणांच्या सरासरीत निव्वळ योगायोगाने पाव तारा, कधी अर्धाही इकडेतिकडे होतो. मागचे आठ आठवडे एकत्र धरले की पाया स्थिर होतो. वरच्या उदाहरणात त्या आठ आठवड्यांत १२८ रिव्ह्यू, सरासरी ४.२ आणि एक-दोन ताऱ्यांचे १५ आहेत, असे धरू. या आठवड्यात पाच ताऱ्यांचे पाच, चारचे दोन, तीनचे तीन, दोनचे चार आणि एकचे चार आले. म्हणजे नाराज ग्राहक आठांत एकाहून थोडे कमी होते, ते अठरांत आठ झाले. सरासरीपेक्षा ही गणती मालकाला चटकन समजते. नाराजांची संख्या इतकी वाढली, की ते आठही रिव्ह्यू शब्दन् शब्द वाचायचे. त्यांत सहा जण रविवार दुपारच्या ताटकळण्याबद्दल लिहीत असतील, तर चवीला दोष देण्यात अर्थ नाही.

मालकाकडे जाणारी चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपच्या एका पडद्यात मावावी:

‘सोमवार ते रविवार: नवे रिव्ह्यू १८, सरासरी ३.० (मागचे आठ आठवडे ४.२). एक-दोन ताऱ्यांचे ८, त्यांपैकी ६ रविवार दुपारच्या प्रतीक्षेबद्दल. चवीची तक्रार १. बदललेले १, गळालेले ०.’

झोमॅटोवर डिलिव्हरीचे आणि बसून जेवणाऱ्यांचे रेटिंग वेगवेगळे असते. तिथले आकडे या चिठ्ठीत मिसळू नयेत. पार्सलमध्ये सांडलेली आमटी आणि टेबलासाठीची रांग या दोन निरनिराळ्या माणसांच्या तक्रारी आहेत. आणखी एक मर्यादा राहतेच. रिव्ह्यूची तारीख ही लिहिल्याची तारीख असते, जेवल्याची नव्हे. काही जण पंधरा दिवसांनी लिहितात. त्यामुळे एखाद्या रविवारी कोण कामावर होते, हे रिव्ह्यूच्या तारखेवरून ठरवण्याआधी मजकुरात दिवसाचा उल्लेख आहे का, ते पाहावे लागते.