हात वर नेववत नाही, की जातच नाही?

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग द्यायचं कुणीतरी मनावर घेतं. दोन दिवस स्टुलावर उभं राहून छतावर रोलर फिरवला जातो आणि तिसऱ्या दिवशी वरच्या फळीवरचा डबा काढताना खांद्यात सणकन कळ येते. वय पन्नाशीचं असेल, तर शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात: फ्रोझन शोल्डर. बहुतेक वेळा ते चुकतं. खांद्याला जोडणाऱ्या स्नायूंच्या टेंडनला त्रास झालेला असतो आणि खांदा आखडलेला नसतो. दोन्ही दुखण्यांत हात वर नेताना दुखतं, दोन्हींत त्या कुशीवर झोपता येत नाही, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. ओळखण्याची खूण मात्र साधी आहे.

त्यासाठी आधी खांद्याची रचना पाहावी लागते. दंडाच्या हाडाचा गोल माथा पाठीच्या फऱ्याच्या हाडावरच्या उथळ खोबणीत बसतो. खोबणी उथळ म्हणूनच हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच माथा जागेवर धरून ठेवायला चार लहान स्नायू लागतात. त्यांच्या टेंडनच्या वेढ्याला रोटेटर कफ म्हणतात. यातला सर्वांत वरचा टेंडन खांद्याच्या टोकाच्या हाडाखालच्या अरुंद जागेतून जातो. हात डोक्यावर नेऊन सतत काम केलं की पहिली तक्रार बहुधा तोच करतो. छत रंगवणारा, बॅडमिंटनमध्ये स्मॅश मारणारा आणि पंख्यांच्या वायरिंगचं काम करणारा इलेक्ट्रिशियन, हे तिघेही त्याच टेंडनवर भार टाकत असतात.

या दुखण्याचा एक ठरावीक नकाशा असतो. हात बाजूने वर उचलायला लागलं की सुरुवातीला फारसं काही होत नाही. साधारण 60 अंशांच्या पुढे कळ सुरू होते, 120 च्या आसपास ती ओसरते आणि त्याहून वर हात पुन्हा बराचसा मोकळा जातो. खाली आणताना तोच पट्टा परत दुखतो. दुसऱ्या कुणी हात हलकेच धरून वर नेला, तर तो जवळजवळ पूर्ण जातो. सांध्याची वाट उघडीच असते, दुखतं ते हात उचलणाऱ्या यंत्रणेला.

फ्रोझन शोल्डरमध्ये वाटच बंद होते. सांध्याभोवती एक सैल आवरण असतं. काखेच्या बाजूला त्याला चुणी असते आणि हात वर गेला की ती उलगडते. या आजारात आवरणाला सूज येते, ते जाड होतं आणि कोऱ्या मांजरपाटाचं कापड पहिल्या धुण्यात आटावं तसं आटतं. मग हात रुग्णाने उचलला काय किंवा डॉक्टरांनी उचलला काय, ठरावीक जागी अडतोच. तरीही हात थोडा वर जाताना दिसतो, कारण तो उचलण्यात पाठीच्या फऱ्याचाही वाटा असतो. आरशासमोर उभं राहिलं, तर असा माणूस हात उचलण्याऐवजी अख्खा खांदा कानाकडे उचलताना दिसतो. हे नाव बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 साली दिलं आणि या आजाराची व्याख्या करणं अवघड आहे, असंही त्यांनीच लिहून ठेवलं.

आता सर्वांत उपयोगी चाचणी. ती डोक्यावर हात नेण्याची नाहीच. कोपर काटकोनात वाकवून बरगड्यांना टेकवायचं आणि पंजा पोटासमोरून बाहेरच्या बाजूला न्यायचा. निरोगी खांद्यात तो बराच बाहेर जातो. टेंडनच्या दुखण्यात बहुधा जातो, क्वचित थोडा दुखतो. आखडलेल्या खांद्यात तो सुरुवातीलाच अडतो, दुसऱ्याने नेऊन पाहिला तरी अडतो. दोन्ही हातांची तुलना करावी, म्हणजे फरक लपत नाही.

ही चाचणी न केल्याने काय होतं, ते एका नमुन्यादाखल प्रसंगातून पाहू. बावन्न वर्षांच्या, मधुमेह असलेल्या एक शिक्षिका. तीन महिन्यांपूर्वी डावा खांदा विनाकारण ठणकू लागला. आधी फळ्यावर वरच्या ओळी लिहिणाऱ्या उजव्या हाताला काहीच झालं नव्हतं, याचंच त्यांना नवल वाटलं. मग केस बांधणं जड झालं, पाठीमागे हूक लावणं अशक्य झालं. सोनोग्राफीत ‘टेंडन झिजलेला’ असं आलं आणि रबरी पट्ट्याचे जोरकस व्यायाम सुरू झाले. रात्रीची झोप उडाली. पुढच्या तपासणीत कोपर बरगडीला टेकवून पंजा बाहेर नेला, तर उजवा 60 अंश आणि डावा जेमतेम 15. एक्स-रे स्वच्छ होता. निदान तिथेच बदललं. सोनोग्राफी खोटी नव्हती. पन्नाशीनंतर टेंडनची झीज न दुखणाऱ्या खांद्यांतही सर्रास दिसते. अहवाल खरा होता, पण दुखण्याचं कारण तो नव्हता.

अशा वेळी एक्स-रे टाळू नये. सांध्याचा संधिवात किंवा मागच्या बाजूला निखळलेला खांदाही पंजा बाहेर जाऊ देत नाही, आणि फ्रोझन शोल्डरमध्ये एक्स-रे बहुधा निर्दोष असतो.

निदान महत्त्वाचं ठरतं, कारण उपचार उलट दिशेचे आहेत. टेंडनला हळूहळू वाढवत नेलेला भार हवा असतो. नुसती विश्रांती घेतली तर तो आणखी दुबळा होतो. साधारण तीन महिने नेमाने व्यायाम करावे लागतात, करताना थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं नसलं म्हणजे झालं. पूर्वी वरचं हाड घासून जागा मोठी करण्याच्या शस्त्रक्रिया भरपूर होत. ब्रिटनमधल्या एका चाचणीत काही रुग्णांचं हाड घासलं, तर काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष असे, की दोन्ही गटांत फरक पडला नाही. तेव्हापासून या शस्त्रक्रियेकडे सावधपणे पाहिलं जातं, आणि ते योग्यच आहे.

आखडलेल्या खांद्याला, विशेषतः ठणक्याच्या पहिल्या काही महिन्यांत, ओढाताण सोसत नाही. मालिश करणाऱ्याने हात ‘मोकळा करून’ देणं म्हणजे सुजलेल्या आवरणाला आणखी चिथावणं. 2004 सालच्या एका डच अभ्यासात वेदनेच्या मर्यादेत हलक्या हालचाली करणारे रुग्ण जोरदार ताण देणाऱ्यांपेक्षा बरे राहिले. या काळात सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन ठणका लवकर उतरवू शकतं. पुढे ठणका जातो, आखडलेपणा उरतो आणि मग तोही सुटत जातो. या सगळ्याला एक ते तीन वर्षं लागू शकतात, काहींच्या हालचालीत थोडी उणीव राहूनही जाते.

मधुमेह असणाऱ्यांना हा आजार अधिक होतो आणि तो जास्त चिवटही असतो. थायरॉइडच्या विकारांशीही त्याचं नातं आहे. म्हणून कारण नसताना खांदा आखडला आणि साखर कधी तपासलीच नसेल, तर ती आधी पाहून घ्यावी. मधुमेही व्यक्तीने स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, तर पुढचे काही दिवस साखर वाढते. घरी ग्लुकोमीटर असेल तर त्या दिवसांत ती रोज मोजावी आणि औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.